ऐनवेळी मीटिंग रद्द करावी लागली तर निरोप कसा लिहायचा, शब्दासकट

मीटिंग तुम्हीच ठरवलेली असते, समोरचे लोक घरातून निघालेले असतात आणि दोन-तीन तास उरलेले असताना तुम्हालाच माघार घ्यायची वेळ येते. आठवडाभर आधी रद्द करणं सोपं असतं, तेव्हा शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी कुणाचं काही अडत नाही. ऐनवेळी मात्र तोच निरोप वाचून समोरचा माणूस गाडी वळवायची की नाही ते ठरवत असतो, म्हणून शब्द नीट लागतात.

मी भोसरीत एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघते, बरीच वर्षं झाली. त्यामुळे असे निरोप लिहायची वेळ अनेकदा आलीय. त्यातलाच एक प्रसंग घेऊन सगळं सांगते, कारण नुसते नमुने कॉपी करून काम होत नाही, कुठला शब्द का घेतला ते कळलं तर तुमच्या प्रसंगाला बदलून घेता येतं.

प्रसंग असा होता

गुरुवार, 12 मार्च 2026. सकाळी साडेअकराला आमच्याकडे मीटिंग होती, कोल्हापूरची पार्टी येणार होती, पॅकिंगच्या खोक्यांची वर्षभराची ऑर्डर आणि रेट फायनल करायचे होते. त्यांच्याकडून तिघं जण, मालक स्वतः, परचेसवाले आणि अकाउंटवाले. आमच्याकडून साहेब, कारण रेटवर शेवटचा शब्द त्यांचाच. आठ वाजून दहा मिनिटांनी साहेबांचा फोन आला, वडिलांना पहाटे छातीत दुखायला लागलं, ॲडमिट केलंय, मी हलू शकत नाही, तू त्यांना कळव. फोन ठेवला.

पार्टी साडेसहाला कोल्हापूरहून निघणार होती हे मला माहीत होतं, म्हणजे आत्ता ते साधारण कराडच्या आसपास असणार. पुणे अजून अडीच-तीन तास. म्हणजे अजून परत फिरता येईल, पण तासाभराने सातारा मागे पडला की परत फिरण्यात काही अर्थ राहणार नाही.

घाईत मी मोबाईलवर हे टाईप केलं:

> सर, अपरिहार्य कारणास्तव आजची मीटिंग तहकूब करण्यात येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. पुढील गुरुवारी त्याच वेळेस भेटूया.

वाचायला बरं वाटतं ना? आपण अशाच नोटिसा वाचत मोठे झालोय, म्हणून हात आपोआप तिकडेच जातो. मी पाठवलं नाही, आधी फोन केला, आणि फोनवर बोलताना लक्षात आलं की या तीन वाक्यांत त्यांना हवं असलेलं काहीच नाही. तर आता याच तीन वाक्यांची एकेक करून दुरुस्ती करू.

पहिलं काम: नक्की काय होतंय ते ठरवा

लिहायला घ्यायच्या आधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करायची. मीटिंग रद्द होतेय, पुढे जातेय, की फक्त तुम्ही येणार नाही आणि बाकीची मीटिंग होणार आहे? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत बोलताना आपण तिन्हीला "मला जमणार नाही" म्हणतो. "साहेबांना आज यायला जमणार नाही" एवढंच वाचल्यावर समोरचा माणूस विचारात पडतो की मग आम्ही यायचं का, दुसरं कुणी भेटणार आहे का, की परत फिरायचं. तो मग फोन करतो, तुम्ही हॉस्पिटलच्या गडबडीत असता, फोन उचलला जात नाही, आणि तो येऊन गेटवर उभा राहतो.

आमच्या केसमध्ये दुसरं कुणी बसून चालण्यासारखं नव्हतं. प्रॉडक्शन मॅनेजर होते, ते कागद-बोर्डाची क्वालिटी दाखवू शकले असते, पण रेट ठरला नसता आणि तीन माणसं पाच तासांचा प्रवास करून नुसती खोकी बघून गेली असती. म्हणून सरळ रद्द, त्यांच्या जाण्यायेण्याचा जेवढा वाचेल तेवढा प्रवास वाचवायचा. पण समजा ते हडपसरहून येणार असते तर मी मॅनेजरना बसवलं असतं आणि निरोप वेगळा लिहिला असता: "ठरल्याप्रमाणे मीटिंग होईल, मात्र आमचे संचालक उपस्थित राहू शकणार नाहीत, त्यांच्या वतीने उत्पादन व्यवस्थापक आपल्याशी चर्चा करतील. दराबाबतचा निर्णय आज होऊ शकणार नाही." हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, ते गाळलं तर समोरचा निर्णय होईल या आशेने येतो.

तहकूब, स्थगित, रद्द, पुढे ढकलली

हे चार शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात आणि ऐनवेळी त्याचाच घोळ होतो.

तहकूब म्हणजे सभा भरली, किंवा भरायची वेळ झाली, आणि कोरम नाही किंवा वेळ संपला म्हणून तिथेच थांबवली, पुढचं कामकाज नंतर. लोक जमलेले असतात तेव्हा तहकूब. जी मीटिंग अजून सुरूच झालेली नाही, जिच्यासाठी माणसं अजून रस्त्यात आहेत ती तहकूब कशी होईल? माझ्या पहिल्या मसुद्यातली ही सरळ चूक होती, शब्द भारी वाटला म्हणून आला.

स्थगित म्हणजे थांबवलीय, पुढचं अजून ठरलेलं नाही. पुढे ढकलली म्हणजे होणार हे नक्की, तारीख बदलली. रद्द म्हणजे ही ठरलेली वेळ संपली, पुन्हा भेटायचं असेल तर नव्याने ठरवायचं.

ऐनवेळी माघार घेताना माझ्या मते जवळपास नेहमीच "रद्द" लिहावं. "पुढे ढकलली" लिहिलं की समोरचा लगेच विचारतो कधी, आणि हॉस्पिटलच्या दारात उभं राहून त्याचं उत्तर देता येत नाही. रद्द हा शब्द कडक वाटतो म्हणून लोक टाळतात, पण कडकपणा पुढच्या वाक्याने काढता येतो, संभ्रम मात्र पुढच्या वाक्याने निघत नाही, कारण गाडी चालवणारा माणूस पुढचं वाक्य वाचतच नाही.

"करण्यात येत आहे" कुठे चालतं, कुठे नाही

सरकारी मराठीने आपल्याला ही सवय लावलीय. सभा रद्द करण्यात येत आहे, तारीख कळविण्यात येईल. कोण करतंय ते वाक्यात कुठेच नाही. सोसायटीच्या किंवा संस्थेच्या नोटिशीत हे बरोबर आहे, कारण तिथे निर्णय समितीचा असतो, सही करणाऱ्या एकट्याचा नसतो. पण तुमच्या अडचणीमुळे तीन माणसांचा दिवस वाया जातोय आणि तुम्ही "करण्यात येत आहे" लिहिताय, तर वाचणाऱ्याला वाटतं हे लोक जबाबदारी घ्यायला तयार नाहीत. तिथे कर्ता पाहिजे. "मला आजची बैठक रद्द करावी लागत आहे." साहेबांच्या वतीने लिहीत असाल तर "आमचे संचालक उपस्थित राहू शकत नसल्याने आजची बैठक आम्हाला रद्द करावी लागत आहे."

"रद्द करावी लागत आहे" यात मला एक चांगली सोय दिसते. करतोय आम्हीच, पण आपखुशीने नाही, हे दोन्ही त्या "लागत" मध्ये येतं. वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नुसतं आज, उद्या, परवा लिहू नका

व्हॉट्सॲपचा मेसेज रात्री अकराला पाठवला "उद्याची मीटिंग रद्द", समोरच्याने सकाळी सातला उठून वाचला, त्याचा उद्या म्हणजे दुसराच दिवस. परवा तर आपल्या भाषेत मागचाही असतो आणि पुढचाही. म्हणून वार, तारीख, वेळ तिन्ही लिहायचं: "आज, गुरुवार, 12 मार्च रोजी सकाळी 11.30 वाजता ठरलेली बैठक". वार आणि तारीख दोन्ही असल्या की एकात चूक झाली तरी दुसऱ्यावरून कळतं. आणि कुठली बैठक तेही दोन शब्दांत, "दरनिश्चितीची बैठक", कारण मोठ्या माणसाच्या दिवसात तीन-चार बैठका असतात.

फोन आधी, लेखी नंतर

रस्त्यात असलेल्या माणसाला मेसेज पाठवून गप्प बसू नका. फोन करा, आणि गाडीत जो असेल त्यातल्या निर्णय घेणाऱ्याला करा. मी आठ-पंधराला मालकांना लावला, उचलला नाही, मग परचेसवाल्यांना लावला, ते लगेच बोलले. फोनवर पहिल्या श्वासात बातमी सांगायची. "नमस्कार साहेब, भोसरीहून बोलतेय, आजची साडेअकराची मीटिंग होऊ शकत नाहीये, साहेबांच्या वडिलांना पहाटे ॲडमिट केलंय. तुम्ही कुठपर्यंत आलात?" बस. कसे आहात, प्रवास कसा चाललाय, हे आधी विचारत बसलं तर प्रत्येक मिनिटाला दीड किलोमीटर गाडी पुढे जातेय हे लक्षात ठेवा.

ते म्हणाले कराड आत्ताच सोडलं. मी म्हटलं साहेब, मग तुम्ही परत फिरलात तर बरं, किंवा पुण्यात दुसरं काही काम असेल तर या, पण आमच्याकडची मीटिंग आज नाही. त्यांनी गाडी बाजूला घेऊन आपसात बोलून पाच मिनिटांनी कळवलं की परत फिरतोय.

फोन झाला तरी लेखी निरोप द्यायचाच. फोनवर एकाशी बोलणं होतं, बाकी दोघांना तो काय सांगेल ते आपल्या हातात नसतं, आणि त्यांच्या ऑफिसात प्रवासखर्चाच्या व्हाउचरला कारण लागतं, तिथे तुमचा मेल कामाला येतो. हे मला नंतर त्यांच्याच अकाउंटवाल्यांनी सांगितलं.

कारण किती सांगायचं

"अपरिहार्य कारणास्तव" हा शब्दप्रयोग इतका घासलाय की वाचणारा त्याचा अर्थ "कारण सांगायचं नाही" असाच घेतो. समारंभ रद्द झाल्याच्या फलकावर ठीक आहे, तिथे शेकडो लोकांना घरातली गोष्ट सांगायची नसते. पण जे तिघं तुमच्यासाठी पहाटे उठलेत त्यांना एका ओळीचं खरं कारण देणं लागतं.

एक ओळच, दोन नाही. "वडिलांना आज पहाटे रुग्णालयात दाखल करावे लागले" इथे थांबा. कुठलं हॉस्पिटल, कुठली टेस्ट, डॉक्टर काय म्हणाले हे लिहिलं की निरोप तक्रारीसारखा वाटायला लागतो आणि समोरच्याला चौकशीचे फोन करणं भाग पडतं. आजारपण स्वतःचं असेल आणि सांगायचं नसेल तर "अचानक उद्भवलेल्या वैद्यकीय अडचणीमुळे" पुरेसं आहे. घरचं काही असेल, सांगण्यासारखं नसेल, तर "तातडीच्या कौटुंबिक अडचणीमुळे". यात खोटं काही नाही आणि उघडही काही नाही.

खोटं कारण मात्र नको. आपल्याकडे दोन ऑफिसांत कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच, आणि "प्रकृती अस्वास्थ्य" लिहून त्याच दुपारी दुसऱ्या ऑफिसात दिसलात तर पुढची दहा वर्षं ते लक्षात राहतं. दुसरी महत्त्वाची मीटिंग मध्येच आली म्हणून ही रद्द करताय? तर "कामाच्या पूर्वनियोजनात ऐनवेळी बदल झाल्याने" लिहा. ऐकायला कारण म्हणून कमी पडतं, पण खरं आहे, आणि त्याची भरपाई पुढच्या ओळीत करायची.

ती पुढची ओळ, जी जवळजवळ सगळे विसरतात

निरोपात बातमी आणि माफी असते, पण समोरच्याने आता काय करायचं ते नसतं. माझ्या पहिल्या मसुद्यात तेच राहिलं होतं. ही ओळ प्रत्येक वेळी वेगळी असते आणि तीच लिहायला विचार लागतो.

जो निघाला नसेल त्याला: "कृपया आपण प्रवासास निघू नये, ही विनंती." हे "नये" फार छान काम करतं, हुकूम होत नाही आणि संभ्रमही राहत नाही. जो रस्त्यात आहे त्याला: "आपण निघाला असल्यास कृपया खालील क्रमांकावर संपर्क साधावा, आपली पुढील सोय आम्ही पाहू." पण ही ओळ लिहिली तर खरंच सोय बघायची तयारी पाहिजे, जेवण, थांबायची जागा, जे लागेल ते. नुसती शोभेची असेल तर लिहू नका. आणि जो येऊन पोचलाय त्याला मेसेज नाहीच करायचा, ऑफिसातल्या सगळ्यात वरच्या हजर माणसाने समोर जाऊन सांगायचं, चहा द्यायचा, गाडीपर्यंत सोडायला जायचं.

त्यांनी काही तयारी करून पाठवली असेल, सॅम्पल, कोटेशन, ड्रॉइंग, तर त्याचं काय होणार तेही इथेच. "आपण पाठवलेले नमुने आमच्याकडे सुरक्षित असून त्यांची तपासणी दरम्यानच्या काळात पूर्ण करून घेऊ." मीटिंग रद्द झाली तरी काम थांबलेलं नाही हे यातून पोचतं.

नवीन तारीख त्याच निरोपात देऊ नका

माझ्या मसुद्यातलं शेवटचं वाक्य बघा, पुढील गुरुवारी त्याच वेळेस. पुढचा गुरुवार म्हणजे 19 मार्च, गुढीपाडवा! घाईत ते डोक्यातच आलं नाही. वर्षप्रतिपदेला कोल्हापूरहून कुणाला बोलावणार? आणि पाडवा नसता तरी वडील आठ दिवसांत घरी येतील की नाही ते त्या सकाळी कुणाला माहीत होतं? दुसऱ्यांदा रद्द करायची वेळ आली असती तर पहिली अडचण खरी होती हे कुणी मानलं नसतं.

म्हणून तारीख न देता तारीख कधी कळवणार ते द्यायचं. "पुढील तारखेबाबत आम्ही सोमवार, 16 मार्चपर्यंत आपल्याशी संपर्क साधू." हा शब्द पाळणं आपल्या हातात असतं. सोमवारी अजून ठरलेलं नसलं तरी सोमवारी फोन करून "अजून ठरलेलं नाही" असं सांगायचं, गप्प राहायचं नाही. "लवकरच कळवू" मात्र लिहू नका, लवकरच या शब्दाला आपल्याकडे काही मुदतच नाही.

क्षमस्व की दिलगीर

क्षमस्व हे संस्कृत क्रियापद आहे, आज्ञार्थी, म्हणजे "क्षमा कर". त्यामुळे "आम्ही क्षमस्व आहोत" हे चुकीचं आहे, बरेच जण लिहितात. एकटं "क्षमस्व" लिहिलं तर चालतं पण ते फलकावरचं वाटतं, माणसाने माणसाला लिहिलेलं वाटत नाही. "दिलगीर आहोत" हा पत्रातला चांगला शब्द आहे. "दिलगिरी व्यक्त करतो" पण चालतं, फक्त ते जरा लांबून बोलल्यासारखं आहे.

कशाबद्दल दिलगीर ते नेमकं लिहा. "होणाऱ्या गैरसोयीबद्दल" यात गैरसोय कुणाची आणि काय ते नाही. "आपणास पहाटे निघून अर्ध्या वाटेवरून परतावे लागले, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत" यात समोरच्याला कळतं की त्याच्या त्रासाची दखल घेतलीय. एकदाच लिहा. सुरुवातीला क्षमा, मध्ये दिलगीर, शेवटी पुन्हा तसदीबद्दल माफी असावी, असं केलं तर तिन्हीचं वजन कमी होतं.

दुरुस्त केलेला निरोप

फोन झाल्यावर आठ-पस्तीसला हा मेल गेला, तिघांनाही, आणि यातला पहिला परिच्छेद व्हॉट्सॲपवर:

> विषय: रद्द – गुरुवार, 12 मार्च, सकाळी 11.30 ची दरनिश्चिती बैठक
>
> महोदय,
> सप्रेम नमस्कार.
>
> आज, गुरुवार, 12 मार्च रोजी सकाळी 11.30 वाजता भोसरी येथे ठरलेली दरनिश्चितीची बैठक आम्हाला रद्द करावी लागत आहे. आमच्या संचालकांच्या वडिलांना आज पहाटे रुग्णालयात दाखल करावे लागल्याने ते उपस्थित राहू शकत नाहीत.
>
> याबाबत आपल्याशी सकाळी 8.15 वाजता दूरध्वनीवर बोलणे झाले आहे. आपणास कराडहून परत फिरावे लागले, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.
>
> आपण पाठवलेल्या नमुन्यांची तपासणी आम्ही दरम्यानच्या काळात पूर्ण करत आहोत. पुढील भेटीबाबत सोमवार, 16 मार्चपर्यंत आम्ही आपल्याशी संपर्क साधू. तोपर्यंत काही आवश्यकता भासल्यास कृपया माझ्याशी खालील क्रमांकावर बोलावे.
>
> कळावे,
> आपली विश्वासू,
> (नाव, पद, मोबाईल क्रमांक)
> संचालकांच्या वतीने

विषयाच्या ओळीत पहिलाच शब्द "रद्द" आहे ते बघा. मोबाईलच्या नोटिफिकेशनमध्ये पहिले चार-पाच शब्दच दिसतात, तिथे "बैठकीबाबत" लिहिलं तर माणूस ते उघडतच नाही, बैठकीला चाललोच आहे की म्हणतो. खाली नंबर माझा दिला, साहेबांचा नाही. हॉस्पिटलमधल्या माणसाचा फोन सतत वाजू नये एवढं तरी ऑफिसने बघायला हवं. "लोभ असावा" लिहिलं नाही, ते घरच्या पत्रात शोभतं, इथे नाही.

व्हॉट्सॲपवर आधीचा मीटिंगचा मेसेज एडिट करून "रद्द" लिहायचं काम करू नका, समोरच्याला नव्या मेसेजसारखी सूचना जात नाही. नवीन मेसेजच टाका.

कॅलेंडरमधलं आमंत्रण

हे राहून जातं आणि मग साडेअकराला सगळ्यांच्या मोबाईलवर आठवण वाजते. आउटलुकमध्ये मीटिंग तुम्ही ठेवली असेल तर उघडून `Cancel Meeting` आणि मग `Send Cancellation`, आणि पाठवायच्या आधी वरची एक ओळ त्यात टाईप करायची. गूगल कॅलेंडरमध्ये मीटिंग डिलीट केली की पाहुण्यांना कळवायचं का असं विचारतं, तिथे `Send` दाबा, `Don't send` दाबलं तर त्यांना कळतच नाही. आणि मीटिंग होणार आहे, फक्त तुम्ही नाही, अशी केस असेल तर यातलं काहीच दाबू नका, सगळ्यांचीच मीटिंग उडेल.

समोर कोण आहे त्यानुसार बदल

सरकारी अधिकाऱ्यांची वेळ मागून घेतली असेल आणि तुम्हीच जाऊ शकत नसाल, तर तिथे "रद्द करत आहोत" लिहायचं नाही, कारण वेळ त्यांनी दिलीय, ती रद्द करणारे आपण कोण? "आपण कृपापूर्वक दिलेल्या वेळेस मी उपस्थित राहू शकत नाही" असं लिहायचं, आणि "आपल्या सोयीनुसार पुन्हा वेळ मिळावी, ही नम्र विनंती" असं शेवटी. आधी त्यांच्या स्वीय सहायकांना फोन, म्हणजे ती वेळ दुसऱ्या कुणाला देता येते. नावाआधी मा., बाई असतील तर महोदया, हे घाईतही चुकवू नका.

घरात मृत्यू झाला असेल तर निरोप त्या माणसाने स्वतः लिहूच नये, सहकाऱ्याने लिहावा. "श्री. ... यांच्या वतीने कळवत आहे, त्यांच्या मातोश्रींचे आज पहाटे निधन झाले असल्याने आजची बैठक होऊ शकणार नाही." पुढची तारीख, मुदत काहीच द्यायची नाही, बऱ्याच घरांत तेराव्यापर्यंत माणूस कामाला हात लावत नाही. "पुढील संपर्क मी स्वतः साधेन" एवढंच.

सोसायटी किंवा संस्थेची सभा असेल तर एक वेगळीच गोष्ट लक्षात घ्या. अध्यक्षांना ऐनवेळी यायला जमत नाही म्हणून सभा रद्द करायची गरजच नसते, हजर सदस्य आपल्यातून एकाला त्या दिवसापुरतं अध्यक्षस्थानी बसवू शकतात. त्यामुळे अध्यक्षांनी "सभा रद्द" असा मेसेज परस्पर ग्रुपवर टाकू नये, "मी उपस्थित राहू शकत नाही, सभा ठरल्याप्रमाणे व्हावी" असं सेक्रेटरींना लेखी कळवावं. वार्षिक सभेचं तर जास्तच सांभाळायचं, सहकार कायद्याप्रमाणे ती 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऐनवेळी रद्द केली तर नव्या नोटिशीला दिवसच उरत नाहीत.

नंतर

साहेबांच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, आठवड्याने घरी आले. 16 तारखेला सोमवारी मी ठरल्याप्रमाणे फोन केला, तेव्हा अजून तारीख नव्हती, तसंच सांगितलं. पाडवा झाल्यावर शुक्रवारी ठरलं, मंगळवार, 24 मार्च. पण यावेळी त्यांना बोलावलं नाही. एकदा त्यांची सकाळ आमच्यामुळे गेली होती, म्हणून जायची पाळी आमची होती, आणि तसंच लिहिलं, जुन्या रद्दच्या मेललाच रिप्लाय करून, म्हणजे आधीचा सगळा संदर्भ खाली राहिला:

> 12 मार्च रोजी आपणास अर्ध्या वाटेवरून परतावे लागले होते. त्यामुळे यावेळी आम्हीच आपल्याकडे येऊ इच्छितो. मंगळवार, 24 मार्च रोजी सकाळी 11.30 वाजता कोल्हापूर येथे आपल्या कार्यालयात भेट सोयीची होईल का, कृपया कळवावे.

वीस मिनिटांत उत्तर आलं, या, जेवायलाच या म्हणाले.